बाबांचा डावा खांदा आणि पाण्याचा घोट

बाबांना स्ट्रोक झाला तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि शरीराची डावी बाजू गेली. हात पूर्ण लुळा, पाय जेमतेम हलायचा, तोंडाचा डावा कोपरा ओघळलेला. बोलणं जड झालं होतं, तरी शब्द कळत होते. पहिल्याच दिवशी सिस्टरांनी त्यांना नीट बसतं करून चमच्याने पाणी देऊन पाहिलं. दुसऱ्या चमच्यानंतर बाबांचा आवाज ओला झाला, घशात पाणी साचल्यासारखा. सिस्टर तिथेच थांबल्या आणि फाइलवर ‘तोंडाने काही नाही’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी नाकातून नळी बसली.

तेव्हा मला वाटायचं, उपचार म्हणजे औषधं आणि फिजिओथेरपीच्या मॅडम येतात तो अर्धा तास. मॅडमनी तिसऱ्या दिवशी मला विचारलं, “मी गेल्यावर उरलेले साडेतेवीस तास त्यांचा डावा हात कुठे असतो?” मला सांगता येईना. मी पाहिलं तर तो हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता, बोटं सुजून चकचकीत झाली होती. पुढचे चार महिने मी जे शिकले, ते या प्रश्नापासून सुरू झालं.

लुळ्या हाताचा खांदा म्हणजे नेमकं काय, हे मॅडमनी स्वतःच्या खांद्यावर दाखवलं. दंडाच्या हाडाचं गोल टोक खोबणीत बसतं, पण ती खोबण फार उथळ असते. हाड जागेवर धरून ठेवायचं काम भोवतालचे स्नायू करतात. ते ढिले पडले की हाताच्या वजनानेच हाड खाली सरकतं. त्यांनी माझं बोट बाबांच्या डाव्या खांद्याच्या टोकाखाली ठेवलं. तिथे खळगा लागला, एक बोट आत जाईल एवढा. उजव्या खांद्याला तो नव्हता. “हा खळगा रोज तपासा, आणि हा हात कधीही हवेत लोंबू देऊ नका,” एवढंच त्या म्हणाल्या.

मग कुशी शिकवल्या. तीन प्रकारे झोपवायचं: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर. यातली पाठीवरची वेळ सगळ्यात कमी ठेवायची.

उजव्या, म्हणजे चांगल्या कुशीवर झोपवताना छातीपुढे दोन उशा ठेवून त्यावर डावा हात खांद्याच्या उंचीला पुढे पसरायचा. कोपर, मनगट, बोटं, सगळ्याला टेकण हवं. मी सुरुवातीला एकच उशी ठेवायचे आणि मनगट तिच्या कडेवरून खाली दुमडायचं, त्यामुळे सूज उतरत नव्हती. डावा पाय गुडघ्यात वाकवून पुढे, वेगळ्या उशीवर, आणि पाऊलही उशीवरच. पाऊल कडेवरून लोंबलं की घोट्यात आत वळतं आणि तशीच सवय लागते.

डाव्या कुशीवर झोपवायला मी घाबरायचे. दुखऱ्या बाजूवर वजन टाकायचं तरी कसं? पण मॅडमचा आग्रह याच कुशीसाठी होता. त्या बाजूवर वजन आलं की मेंदूला त्या बाजूची जाणीव पोचत राहते, आणि उजवा हात मोकळा राहतो, असं त्यांनी सांगितलं. यात जपायचं ते खांद्याला. बाबा थेट खांद्याच्या टोकावर पडले तर तो चेंगरतो. म्हणून कुशीवर वळवल्यावर मी त्यांच्या पाठीमागून हात घालून डाव्या खांद्याचं पातं हलकेच पुढे ओढायचे, इतकं की वजन पात्याच्या सपाट भागावर येईल. मग हात पुढे सरळ, तळवा वर. हे बरोबर झालं की बाबांचा चेहरा सैल पडायचा. चुकलं तर ते भुवया आक्रसायचे, आणि मी सगळं पुन्हा करायचे. या कुशीवर आम्ही सुरुवातीला अर्धाच तास ठेवत होतो.

पाठीवर झोपवताना दोन गोष्टी. डाव्या पात्याखाली आणि हाताखाली पातळ उशी, म्हणजे खांदा मागे ओघळत नाही. आणि डाव्या कमरेच्या बाजूला टॉवेलची गुंडाळी, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला पडत नाही. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली मऊ उशी. गुडघ्याखाली तासन्‌तास लोड ठेवायचा नाही, गुडघा वाकलेलाच राहायला लागतो. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि बदलताना पाठीचं माकडहाड, टाचा, घोटे बघायचे. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडायचं. ती जागा पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिली तर तिथे जखमेची सुरुवात झाली आहे, आणि तिच्यावर पुन्हा वजन येऊ द्यायचं नाही.

आम्हाला बाबांना लवकर उठवायची फार घाई होती. माझा भाऊ पहिल्याच दिवशी म्हणत होता, चालतं करूया. डॉक्टरांनी थांबवलं. पहिल्या २४ तासांतच जोरात, पुन्हा पुन्हा उठवलं तर फायदा होतो का, हे तपासणारा ‘अव्हर्ट’ नावाचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात २१०४ रुग्ण होते, आणि तीन महिन्यांनंतर स्वतःच्या पायावर बऱ्यापैकी उभे राहिलेल्यांचं प्रमाण जास्त उठवलेल्या गटात कमीच निघालं. त्यामुळे बाबांना दुसऱ्या दिवसापासून पलंगाच्या कडेला पाच-पाच, दहा-दहा मिनिटं बसवलं. त्या थोड्या वेळातही ते डावीकडे कलंडायचे. आणि मान मात्र सतत उजवीकडे वळलेली.

ती मान उजवीकडे का, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मी डावीकडे उभी राहून हाक मारली तर ते उजवीकडे शोधायचे. नजर शाबूत होती. पण मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डाव्या बाजूचं जगच लक्षातून निसटतं. डॉक्टर त्याला ‘नेग्लेक्ट’ म्हणत. या वळलेल्या मानेचा घशाशी काय संबंध आहे, ते पुढे येईल.

नवव्या दिवशी नळीसकट घरी आलो. पलंग डोक्याकडून उचलता येणारा होता. फीड, म्हणजे नळीतून पातळ अन्न, देताना डोकं ३० ते ४५ अंश वर हवं आणि फीडनंतर तासभर तसंच ठेवायचं, हे मला पाठ होतं. नळीवर नाकपुडीपाशी केलेली खूण दर फीडआधी बघायची, ती सरकली असेल तर फीड द्यायचं नाही, हेही पाठ होतं. तरी बाराव्या दिवशी चूक झाली आणि ती माझ्या हातून झाली.

दुपारच्या फीडआधी मी पलंग उचलला. बाबा आधीच पायथ्याकडे घसरलेले होते, हे मी पाहिलं नाही. पलंग वाकतो ती जागा त्यांच्या कमरेपाशी असायला हवी, ती छातीपाशी आली होती. त्यामुळे डोकं वर दिसत होतं, पण धड सपाटच होतं, पोट दुमडून दाबलं गेलं होतं आणि मान पुढे कोंबल्यासारखी. त्यात फीड संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांत अंथरूण ओलं झालं म्हणून मी पलंग सपाट करून त्यांना वळवलं. त्यांना ठसका लागला नाही, काहीच झालं नाही. म्हणून मी निर्धास्त राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप १०१ वर गेला. श्वास मोजले तर मिनिटाला २८. घशात घरघर. पुन्हा दवाखान्यात. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला. पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत उतरलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला आधी माहीत असती तर बरं झालं असतं: स्ट्रोकनंतर घशाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे चुकीच्या वाटेला काही गेलं तरी खोकला येईलच असं नाही. ठसका लागला नाही, याचा अर्थ सगळं बरोबर गेलं असा नसतो. नळी असली तरी तोंडातली लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न ती थांबवत नाही.

त्यानंतर आमचा क्रम बदलला. आधी बाबांना उशीच्या दिशेने वर सरकवायचं, इतकं की पलंगाची घडी कमरेच्या रेषेत येईल. सरकवताना ओढायचं नाही, खाली घातलेल्या आडव्या चादरीने दोघांनी मिळून उचलून न्यायचं. मग आधी गुडघ्यांकडचा भाग थोडा वर, आणि मगच डोकं. हा क्रम उलटा केला की माणूस घसरतो, आणि घसरताना माकडहाडाजवळची त्वचा घासून ओढली जाते. कूस बदलणं, कपडे बदलणं, अंथरूण, सगळं फीडच्या आधी उरकायचं. तोंड दिवसातून तीनदा मऊ ब्रशने स्वच्छ करायचं, तोंडाने काहीही घेत नसले तरी. न गिळलेल्या लाळेत जंतू वाढतात आणि तीच लाळ छातीत उतरते. ब्रश करताना बसवून, मान थोडी खाली आणि पाणी अगदी कमी.

खांद्याची दुखापतही याच काळातली. मदतीला येणारा मुलगा मनापासून काम करायचा, पण बाबांना खुर्चीत बसवताना तो त्यांच्या काखेत हात घालून उचलायचा. तसं उचललं की सगळं वजन त्या ढिल्या सांध्यावर येतं. दोन आठवड्यांनी बाबा डाव्या कुशीवर जाताना कण्हायला लागले. हात पुढे नेला की दुखायचं आणि रात्री झोपमोड व्हायची. मॅडमनी तपासलं, तर खळग्यात आता बोट सहज जात होतं. त्यांनी त्या मुलाला काही बोल लावला नाही, त्याला शेजारी बोलावून शिकवलं. कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि धरायचं ते त्या पट्ट्याला. लुळा हात बाबांनी स्वतः उजव्या हाताने मनगटाशी धरून पोटाजवळ ठेवायचा. खुर्ची उजवीकडे लावायची, चांगल्या बाजूने वळायचं. उचलणाऱ्याने आपला गुडघा बाबांच्या डाव्या गुडघ्यासमोर टेकवायचा, म्हणजे तो अचानक दुमडत नाही.

हात हलवायचे व्यायामही बदलले. हात खांद्याच्या उंचीपेक्षा वर न्यायचा नाही, न्यायचाच झाला तर पातं सोबत फिरवून, तळवा बाहेर वळवून, आणि तेही मॅडमनीच. कप्पी लावून हात वर ओढायचा व्यायाम आम्हाला कुणीतरी सुचवला होता, तो त्यांनी ठाम शब्दांत बंद केला. गळ्यात झोळी फक्त उभं राहताना. दिवसभर झोळीत ठेवला तर हात छातीशी दुमडून तसाच आखडतो. बसल्यावर मांडीवर दोन उशा आणि त्यांवर हात. दुखणं पूर्ण थांबायला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस हाताची प्रगतीच थांबली, कारण दुखणारा हात माणूस हलवू देत नाही.

चौथ्या आठवड्यात स्पीच थेरपीच्या सरांनी गिळण्याची व्हिडिओ तपासणी करवून घेतली. बेरियम मिसळलेलं पाणी आणि घट्ट पदार्थ गिळायला देतात आणि एक्स-रेवर घसा हलताना बघतात. मी काचेच्या पलीकडून पाहत होते. पातळ पाणी जिभेवरून मागे वाहून गेलं, आणि घसा गिळायला सुरुवात करण्याआधीच काळी रेघ श्वासनलिकेत उतरली. बाबा शांत बसले होते. ना खोकला, ना डोळ्यांत पाणी. मग तेच पाणी थोडं घट्ट करून दिलं. ते हळू सरकलं, घशाला वेळ मिळाला आणि ते बरोबर वाटेने गेलं. पण घशाच्या डाव्या कप्प्यात थोडं साचून राहिलं.

सरांनी तेव्हा बाबांची मान हाताने हलकेच डावीकडे वळवली, हनुवटी थोडी छातीकडे घेतली आणि पुन्हा एक चमचा दिला. या वेळी डावा कप्पा जवळपास रिकामा राहिला. मान ज्या बाजूला वळते त्या बाजूचा घसा दाबून बंद होतो आणि घास दुसऱ्या, चांगल्या बाजूने उतरतो. माझ्या डोक्यात लख्ख झालं. बाबांची मान तर सतत उजवीकडे असते. म्हणजे चांगली बाजू बंद करून ते प्रत्येक घोट कमजोर बाजूकडे पाठवत होते.

सरांनी बजावलं की ही युक्ती तपासणीत बाबांना लागू पडली म्हणून बाबांसाठी आहे. काहींना हनुवटी खाली घेतल्याने उलट जास्त धोका होतो. पण आमच्यापुरता त्यातून एक साधा प्रश्न निघाला: भरवणाऱ्याने बसायचं कुठे? मी आत्तापर्यंत उजवीकडे बसत होते, कारण तिथून बाबा माझ्याकडे बघायचे. आता मला डावीकडे जायचं होतं, आणि डावीकडे मी त्यांना सापडत नव्हते.

म्हणून टप्प्याटप्प्याने गेलो. पहिला आठवडा समोर बसून. डोळे माझ्या डोळ्यांत आले की चमचा. मग खुर्ची रोज थोडी डावीकडे. मी बोलत राहायचे, चमचा आधी त्यांच्या नजरेसमोर आणायचा आणि मग तो डावीकडे नेत मान सोबत आणायची. बाबांच्या डाव्या मनगटावर लाल फडकं बांधलं होतं, ‘आधी लाल बघा’ ही आमची खूण. सोळाव्या दिवशी मी काही न बोलता डावीकडे बसले आणि बाबांनी आपणहून मान वळवली. मला तेव्हा रडू आलं आणि घास द्यायचा राहिला.

खायला बसवायची तयारी घासांपेक्षा जास्त वेळ घ्यायची. टेकायची सरळ खुर्ची, पलंग नाही. कंबर खुर्चीच्या मागच्या कडेपर्यंत नेलेली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, गुडघे काटकोनात. डाव्या बाजूला कुल्ल्याखाली टॉवेलची पातळ घडी, कारण ते तिकडे खचायचे. समोर टेबल आणि त्यावर दोन्ही कोपरं, डावा हात त्यांच्या नजरेत. धड स्थिर नसेल तर मान स्थिर राहत नाही, आणि मान स्थिर नसेल तर गिळणं बिघडतं. हे मी प्रत्यक्ष पाहिलं: टॉवेल विसरलेल्या दिवशी चौथ्या-पाचव्या घासाला ते कलले आणि आवाज ओला झाला.

चमचा लहान, चपटा आणि अर्धाच भरलेला. घास जिभेच्या उजव्या अंगाला ठेवायचा. कंठावर माझी दोन बोटं हलकी ठेवून कंठ वर जाऊन खाली येतो का ते बघायचं. त्यानंतर रिकाम्या तोंडाने आणखी एकदा गिळायला सांगायचं. दर तीन-चार घासांनी ‘आ’ म्हणायला लावायचं. आवाज कोरडा असेल तर पुढे. ओला असेल तर खाकरून पुन्हा गिळायला सांगायचं, दोनदा करूनही ओलाच राहिला तर ते जेवण तिथेच संपलं. शेवटी बॅटरीच्या उजेडात डावा गाल आतून तपासायचा. तिथे घास साठून राहतो आणि बाबांना तो कळत नाही. मग तोंड साफ, आणि अर्धा तास तसंच ताठ बसणं.

सुरुवातीला दिवसातून फक्त दोनदा, चार-पाच चमचे, बाकी सगळं नळीतून. तोंडाने किती जातंय ते वहीत लिहायचे. सातव्या आठवड्यात तोंडाने पुरेसं जायला लागल्यावर नळी निघाली. त्याआधी डॉक्टर पोटातून नळी बसवण्याबद्दल बोलले होते, कारण नाकातली नळी चार आठवड्यांहून फार पुढे नेणं बरं नाही. बाबांची प्रगती चालू होती म्हणून थोडं थांबायचं ठरलं.

पाणी घट्ट किती करायचं हे डोळ्यांनी ठरवू नये, असं मी आता सगळ्यांना सांगते. सरांनी दहा मिलिच्या सिरिंजची तपासणी शिकवली. दांडा काढलेली सिरिंज, टोकाला बोट, दहापर्यंत पाणी भरायचं, बोट काढायचं, बरोबर दहा सेकंदांनी पुन्हा बंद करायचं. आत ४ ते ८ मिलि उरलं तर ते आंतरराष्ट्रीय मोजपट्टीतली दुसरी पातळी, बाबांसाठी ठरलेली. चारपेक्षा कमी उरलं तर फार पातळ, आठच्या वर गेलं तर फार घट्ट. सगळ्या सिरिंज सारख्या लांबीच्या नसतात. शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेलीच घ्यायची, नाहीतर आकडा चुकतो. स्टार्चची पावडर घातलेलं पाणी ठेवलं की आणखी घट्ट होत जातं, आणि लाळ मिसळली की पातळ. म्हणून उष्टा चमचा मुख्य पेल्यात परत बुडवायचा नाही.

घट्ट पाण्याची एक अडचण आम्हाला उशिरा कळली. ते प्यावंसंच वाटत नाही. बाबा दोन चमचे घेऊन मान हलवायचे. नळी निघाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात लघवी गडद झाली, ते सुस्त दिसायला लागले, व्यायामात पाय उचलेना. मॅडमना वाटलं, नवीन काही झालं की काय. तपासणीत शरीरातलं पाणी कमी पडलेलं निघालं. मग दिवसभराच्या पाण्याचा हिशेब वहीत आला, दर तासाला थोडं थोडं. औषधंही आम्ही सरसकट कुटून देत होतो. त्यातली एक गोळी हळूहळू विरघळणारी होती, ती कुटायची नसते. औषधांच्या यादीवर डॉक्टरांकडून एकेका गोळीपुढे खूण करून घेतली.

व्यायाम आणि जेवण यांची वेळ हा आमचा सगळ्यात मोठा शोध होता. मॅडम सकाळी अकराला यायच्या आणि साडेअकराला मी जेवायला बसवायचे. वहीत बघितलं तर ओल्या आवाजाच्या बहुतेक खुणा याच जेवणापुढे होत्या. दमलेला माणूस गिळतानाही दमलेला असतो. जेवण साडेबाराला नेलं, मध्ये अर्धा-पाऊण तास डाव्या कुशीवर विश्रांती ठेवली, आणि त्या खुणा आठवड्याभरात निम्म्याहून कमी झाल्या.

व्यायामात नाट्यमय काही नव्हतं. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, डावं पाऊल कुणीतरी धरून. बसून डावीकडच्या वस्तू उजव्या हाताने आणणं, म्हणजे वजन डाव्या कुल्ल्यावर जातं आणि नजरही. आणि खुर्चीवरून उभं राहणं. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. बाबा सगळं वजन उजव्या पायावर टाकून उठायचे. मॅडमनी उजवं पाऊल थोडं पुढे ठेवायला लावलं, त्यामुळे डाव्याला काम करावंच लागलं. पाचव्या आठवड्यात दोघांच्या आधाराने पाच वेळा व्हायचं, दहाव्या आठवड्यात पट्टा धरून दिवसभरात तीस. त्या सुमाराला हात-पाय ढिले राहिले नव्हते, आता कोपर दुमडायला लागलं होतं, मूठ वळायला लागली होती आणि चालताना पाऊल आत वळायचं. घोट्याला आधार देणारी पट्टी बनवून घेतली. मुठीत चेंडू द्यावा असं बरेच जण सांगायचे. मॅडमनी नको म्हटलं, तळव्यावर दाब आला की बाबांची मूठ आणखी आवळायची. त्याऐवजी बसल्यावर तळवा उघडून टेबलावर सपाट ठेवायचा आणि त्यावर थोडं वजन.

आता अठरावा आठवडा आहे. बाबा चार पायांची काठी घेऊन खोलीभर चालतात, मी डावीकडून पट्टा धरते. जेवण मऊ आहे पण कुस्करलेलं नाही. खांद्याखालचा खळगा अर्ध्या बोटाचा राहिला आहे. पातळ पाणी अजून बंद आहे, पुढच्या आठवड्यात दुसरी व्हिडिओ तपासणी आहे. बाबा मला रोज विचारतात की त्या दिवशी साधं पाणी मिळेल का. काल संध्याकाळी मी उशा लावायला गेले तर त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट उचलून आधीच उशीवर ठेवलं होतं, तळवा वर. मनगट कडेवरून थोडं खाली आलं होतं. मी ते एक इंच वर सरकवलं आणि खोलीतला दिवा बारीक केला.